सर्वांनी मिळून म्हणायची ओळ

मराठीच्या प्राध्यापकाला समाज तीन कामांसाठी ओळखतो. लग्नपत्रिकेतले शुद्धलेखन तपासणे, मृत्युलेख लिहून देणे आणि शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी कविता करणे. पहिल्या दोन कामांत माझा हात आता चांगला बसला आहे. तिसऱ्याची पाळी गेल्या वर्षी आली. आमची धाकटी ज्या शाळेत जाते, तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंनी एके सकाळी फोन करून सांगितले, "सर, यंदा गॅदरिंगचा विषय पर्यावरण आहे. छत्तीस मुलं आहेत, पाचवी ते आठवीची. सगळ्यांना स्टेजवर उभं करायचं आहे. काहीतरी समूहपठणासारखं लिहून द्या. सगळ्यांना बोलायला मिळालं पाहिजे, नाहीतर पालक विचारतात."

मी त्याच रात्री कविता लिहून टाकली. कविता एका बैठकीत होते तेव्हा ती चांगली असते किंवा फारच वाईट असते. माझी कोणत्या प्रकारची होती, हे कळायला पहिल्या तालमीपर्यंत थांबावे लागले.

तालमीला सौभाग्यवती बरोबर आल्या होत्या. त्यांना मी सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बसवले आणि हातात कागद-पेन्सिल दिली. "जे ऐकू येईल ते लिहून घे," एवढेच सांगितले. कविता त्यांना आधी दाखवली नव्हती. मुलांनी छातीचा भाता करून कविता म्हटली. मला तर शब्दन्‌शब्द ऐकू आला. मग मी तो कागद पाहिला. माझी ओळ होती, "सृष्टीच्या संरक्षणास्तव सज्ज होऊ या सर्वजण". कागदावर लिहिले होते, "मिष्टीच्या भक्षणास्तव लाजू या सर्वजण". पुढच्या बारा ओळींपैकी सात ओळींच्या जागी नुसत्या रेघा होत्या.

मला शब्द ऐकू आले, कारण ते मीच लिहिले होते. इथेच समूहपठणाची खरी गोम आहे. गणपतीच्या आरतीत पन्नास माणसे पन्नास तऱ्हांनी ओरडतात, तरी आपल्याला सगळे समजते, कारण ती आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. आपण ऐकत नसतो, आठवत असतो. नव्या कवितेला ही सवलत नाही. समोरचा पालक ती आयुष्यात एकदाच ऐकणार, तीही मांडीवर धाकटे मूल आणि हातात मोबाइल घेऊन. म्हणून तालमीला ज्याला कविता मुळीच ठाऊक नाही असा एक माणूस मागच्या रांगेत हवा, आणि दर तालमीला तो नवा हवा. दुसऱ्या खेपेला सौ. निरुपयोगी झाल्या. त्यांनाही सगळे ऐकू यायला लागले होते.

त्या ओळीचे काय बिनसले होते, तेही पाहू. तिच्यात स, ष आणि क्ष मिळून सात ठिकाणी येतात. एकट्या माणसाच्या तोंडी 'स' एका क्षणात संपतो. छत्तीस मुले मात्र तो छत्तीस वेगवेगळ्या क्षणी सुरू करतात आणि छत्तीस वेगवेगळ्या क्षणी संपवतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला कुकरची शिट्टी ऐकू येते आणि शेजारचा स्वर तिच्यात बुडून जातो. जोडाक्षरांचेही तसेच. शिवाय ओळीचा शेवट 'जण' असा बंद अक्षरावर होता, आणि तो 'ण' सभागृहात एकदा न येता पुन्हा पुन्हा, गारा पडाव्या तसा येत राहिला. ओळ लांब स्वरावर संपली, म्हणजे 'पाणी', 'होते', 'काठी' अशी, तर पाच-सहा मुले मागेपुढे झाली तरी तो स्वर त्यांना सांभाळून घेतो.

पण ही दुरुस्ती वरवरची होती. घरी परतताना सौ. म्हणाल्या, "शब्द कळले असते तरी काय कळलं असतं? सगळी मुलं एकच गोष्ट सांगत होती. झाडं लावा, पाणी वाचवा. ते एका मुलानं सांगितलं तरी चाललं असतं."

हे मला फार लागले, कारण ते खरे होते. मी एक भाषण लिहिले होते आणि वडीच्या सारणासारखे त्याचे छत्तीस तुकडे पाडले होते. पहिल्या मुलाचा तुकडा तिसऱ्याला दिला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता. वाटून दिलेले भाषण म्हणजे अनेक आवाजांची कविता नव्हे. ज्या कवितेत बोलणारे खरोखर वेगवेगळे आहेत, त्यांचे म्हणणे वेगवेगळे आहे, प्रसंगी एकमेकांच्या विरुद्ध आहे, तिलाच वेगवेगळे आवाज लागतात.

या प्रकाराची पद्धतशीर उभारणी १९२० च्या दशकात ग्लासगोमध्ये मार्जरी गलन या बाईंनी केली. मुलांना हळूहळू कसे चढवत न्यावे, याची त्यांच्या परंपरेत एक पायरीवार रीत आहे. आधी एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी फक्त पालुपद धरायचे, जसे आपल्याकडे कीर्तनात टाळकरी धरतात. मग दोन गटांनी सवाल-जवाब करायचा. मग एकेका मुलाला एकेक ओळ. आणि सर्वांनी एकदम म्हणणे? ते शेवटी, कारण ते सर्वांत अवघड. आपण नेमके उलटे करतो. सर्वांत अवघड गोष्ट पाचवीच्या मुलांना पहिल्या दिवशी करायला लावतो आणि ओळ कळली नाही की म्हणतो, "मोठ्यानं म्हणा!"

तेव्हा मी ठरवले की सर्वांनी मिळून म्हणायची ओळ एकच ठेवायची, आणि ती अशी हवी की जिच्यावर कवितेतल्या सर्वांचे खरोखर एकमत आहे.

आता विषय. 'पर्यावरण' हा शब्द मोठा असल्यामुळे त्याच्यात काही दिसत नाही. मुलांना शाळेत येताना दिसतो तो ओढा. आम्ही पुण्यात राहतो. इथला आंबिल ओढा कात्रजच्या डोंगराकडून निघून शहर ओलांडतो आणि मुठेला मिळतो. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी तळे केले ते याच ओढ्याच्या पाण्यावर. त्या तळ्याच्या जागी आज सारसबाग आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अतोनात पाऊस झाला, तेव्हा हाच ओढा घरांत शिरला, भिंती पडल्या, माणसे गेली. त्या रात्री ज्यांना घराबाहेर पळावे लागले, त्यांतल्या काही घरांतली मुले या छत्तिसांत होती.

मग बोलणारे आपोआप सापडले. ओढा स्वतः. ओढ्याला पूर्वीपासून ओळखणारी एक आजी. काठावर राहणारे. बांधकाम करणारे. आणि कचेरी. जोते हातभर पुढे सरण्याची ओळ मला आमच्याच सोसायटीच्या बैठकीत सापडली. मोटारी लावायला जागा हवी म्हणून मागची भिंत थोडी पुढे घ्यावी असा ठराव तिथे आला होता आणि त्याला अनुमोदन देणाऱ्यांत मीही होतो.

पुढचे काम आवाज निवडण्याचे. प्रत्येक मुलाला एकच वाक्य म्हणायला लावले, "ओढा कुठे चालला?" मी डोळे मिटून पाठ करून बसलो. डोळे उघडे असले की उंच मुलाचा आवाज जाड वाटतो. ऐकायचे ते आवाजाचे वजन, केवळ उंची-खोली नव्हे. तीन ढीग झाले. सौ. म्हणाल्या, "म्हणजे रव्यासारखं. बारीक, मध्यम आणि जाडा." मुलांना हे नाव इतके आवडले की शेवटपर्यंत तेच राहिले. बारीक चौदा, मध्यम बारा आणि जाडे दहा. जाडे आवाज संख्येने कमी असले तरी पुरतात. सातवी-आठवीतल्या ज्या मुलांचा आवाज फुटत होता आणि ज्यांना गाण्याच्या बाईंनी "तू नुसता ओठ हलव" असे सांगितले होते, ती मुले जाड्यांत आली. बोलण्यात आवाज फुटलेला चालतो, पूर बोलत असेल तर शोभतोही.

ओढ्याचे बोलणे मी या तिन्ही गटांना वाटून दिले. उगमापाशी तो बारीक बोलतो, गावात शिरताना मध्यम, आणि पुराच्या रात्री जाडा. पात्र एकच, पण त्याचा आवाज वाढत जातो. छंद साधा घेतला, पादाकुलक. प्रत्येक ओळीत आठ अधिक आठ अशा सोळा मात्रा. इतकी ओळ दहा वर्षांच्या मुलाच्या एका श्वासात आरामात बसते. दोन ओळी एका श्वासात ओढायला लावल्या की दुसरीचा शेवट गिळला जातो. म्हणून प्रत्येक ओळीअखेर तांबड्या पेन्सिलीने उभी रेघ मारून दिली, आणि रेघ म्हणजे श्वास, तिथे सर्वांनी घ्यायचाच, लागो वा न लागो.

कविता अशी झाली :

बारीक (ओढा, डोंगरात) :
डोंगरमाथी झरझर झरतो,
दगडांमधुनी वाट काढतो.
इवलासा मी, इवले पाणी,
खडे सांगती मला कहाणी.

मध्यम (ओढा, गावात) :
ओहळ दुसरे येउन मिळती,
माझ्या काठी बगळे जमती.
रुंद वाट ही माझी होती,
उन्हाळ्यात ती रिती वाटती.

आजी (एक मुलगी, मध्यम) :
इथे धूत मी होते लुगडी,
तळची वाळू दिसते उघडी.
नाव तयाचे ठाउक होते,
आता कोणी 'नाला' म्हणते.

काठावरचे (दोघे, मध्यम) :
गाव सोडले पोटासाठी,
छप्पर केले ओढ्याकाठी.
कोरडाच तो होता तेव्हा,
येइल पाणी, कळले केव्हा?

बांधणारे (तिघे, जाडे) :
लोकच जागा मागत होते,
हातभर पुढे सरले जोते.
हाताने का ओढा अडतो?
शेजारीही तितका सरतो.

कचेरी (एक मुलगा, बारीक) :
नकाशात मी रेघ ओढली,
निळी असे ती, पुसट जाहली.
तुमचा कागद आला होता,
मेजावरती निजला होता.

जाडे, सर्व दहा (ओढा, पुराच्या रात्री) :
आभाळ फुटे, रात्र दाटली,
वाट आपली मी आठवली.
भिंत कशाची? दार कशाचे?
घर होते हे, हे पाण्याचे.

(मनात चार आकडे मोजेपर्यंत शांतता)

बारीक : वाट तुझी तू सांग अम्हाला,
मध्यम : नाव तुझे पण सांग अम्हाला,
सर्व : ओढा म्हणु रे, न म्हणू नाला,
सर्व : वाट तुझी ती देऊ तुजला.

तेहेतीस ओळी करायच्या म्हणून नव्हे, पण पुढे तेहेतीस झाल्या. वर मोजल्या तर बत्तीसच भरतील. तेहेतिसावी कशी आली ते सांगायचे आहे. त्याआधी तालमीतल्या दोन गोष्टी सांगून टाकतो, कारण ही कविता कोणी आपल्या शाळेत घेतली तर त्या अडणार.

पहिली गोष्ट पाढ्याची चाल. चार दिवसांत मुले कविता बे एके बे सारखी म्हणू लागली. प्रत्येक ओळ वर चढायची आणि शेवटी त्याच जागी धपकन पडायची. छंद पक्का असला की हे दुखणे येतेच. यावर उपाय म्हणून मी पूर्ण कविता कुजबुजत म्हणायला लावली. कुजबुजीत सूर नसतो, म्हणून चालही लागत नाही. आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचे असेल, तर 'ट', 'ठ', 'प' ही अक्षरे ओठांनी आणि जिभेने नीट घडवावीच लागतात. दोन दिवस कुजबूज केली आणि मग आवाज दिला, तेव्हा शब्द धुऊन पुसून आल्यासारखे वाटले. नंतर मी प्रत्येक पात्राला विचारू लागलो, "तू हे कोणाला सांगतोस?" कचेरीच्या मुलाने उत्तर दिले, "रांगेत उभ्या असलेल्या माझ्या आईला." त्या दिवसापासून त्याची चाल सुटली ती सुटलीच.

दुसरी गोष्ट दोन भागांमधली फट. एक गट संपला की दुसरा दचकून जागा होई, श्वास घेई आणि मग बोले. एवढ्या वेळात ऐकणाऱ्याचे मन पार्किंगपर्यंत जाऊन येते. इथे खो-खोचा उपयोग झाला. बसलेला खेळाडू खो मिळाल्यावर तयारी करत नाही, आधीच पंजावर भार टाकून तयार असतो. तसे पुढच्या गटाने आधीच्या गटाच्या शेवटच्या शब्दावर श्वास घ्यायचा. 'वाटती' हा शब्द चालू असताना आजीने श्वास घेतलेला हवा. एवढ्या एका सुधारणेने कविता अर्ध्या मिनिटाने कमी झाली, घाई मात्र कोणी केली नाही. चांगली तालीम झाली की ती थोडक्या वेळात, शांततेसह, पुरी होते.

आता तेहेतिसावी ओळ.

काठावरच्या दोघांतला एक मुलगा तोतरा बोलतो. वर्गात त्याला वाचायला सांगितले की पहिल्याच अक्षरावर तो अडतो, आणि मग सगळा वर्ग श्वास रोखून बसतो, जे हसण्यापेक्षाही वाईट. पहिल्या तालमीत, जेव्हा छत्तीस जण एकदम बोलत होते, तेव्हा हा एकदाही अडखळला नाही. वर्गशिक्षिकाबाईंना हा चमत्कार वाटला. चमत्कार नव्हे. वाचादोषांवर उपचार करणाऱ्यांना हे फार दिवसांपासून ठाऊक आहे की, बहुतेक तोतऱ्या माणसांची वाणी दुसऱ्याबरोबर एकाच वेळी तेच शब्द बोलताना मोकळी होते. त्याला छत्तीसही लागत नाहीत, बरोबर एक माणूस असला तरी पुरते. मात्र ती सोबत सुटली की बहुधा अडखळणेही परत येते. तेव्हा हा उपचार नव्हे, आधार आहे. बाई म्हणाल्या, "आता याला एकट्याची ओळ द्या, बघू या." ते करायला मी तयार नव्हतो. आईबापांसमोर तो अडला असता तर त्याची किंमत त्याने भरली असती, आपण नव्हे. त्याच्या मित्राला बरोबर घेऊन काठावरच्यांचा भाग दोघांचा केला, आणि मुलाला विचारूनच केला. त्याला भाग हवा होता. त्याचे घर काठावरच होते.

तालमी छान चालल्या होत्या. शेवटच्या ओळीला मात्र एक तोंड मिटत असे. छत्तीस मुलांत ते मला चार दिवस दिसले नाही. धाकटीने सांगितले, "बाबा, तो शेवटची ओळ म्हणतच नाही." मला वाटले, 'वाट'मधल्या 'व'वर अडत असेल. पण 'वाट'नेच सुरू होणारी पहिली ओळ आरंभीच्या तालमीत सर्वांबरोबर त्याने सहज म्हटली होती. मी त्याला बाजूला घेऊन विचारले. त्याला उत्तर द्यायला वेळ लागला. मी घड्याळाकडे पाहिले नाही, एवढेच माझ्या बाजूने बरे केले.

"वाट ओढ्याला दिली," तो म्हणाला, "तर मग आम्ही कुठं जायचं?"

मी मराठी शिकवतो, आणि चाळिशी ओलांडून किती वर्षे झाली ते इथे सांगत नाही. सर्वांचे एकमत असलेली ओळ शोधायला मी निघालो होतो आणि ज्याचे घर जाणार आहे त्याच्याच तोंडी ती घातली होती. हातभर जोते पुढे घेणाऱ्या माझ्या सोसायटीला कोणी जा म्हणणार नव्हते. ओढा मोकळा करायचा म्हटले की पहिल्यांदा उठतात ती छपरे, भिंती नंतर, आणि पुष्कळदा उठतच नाहीत. 'देऊ तुजला' हे म्हणायला मुलांना गोड वाटत होते, कारण देणारे दुसरेच होते.

ती ओळ मी सर्वांकडून काढून घेतली. बारीक आणि मध्यम यांना दिली, काठावरचे दोघे वगळून. आणि तिच्यानंतर त्या दोघांना एक ओळ दिली, यमक न जुळणारी :

सर्व : ओढा म्हणु रे, न म्हणू नाला,
बारीक, मध्यम : वाट तुझी ती देऊ तुजला.
काठावरचे दोघे : आणिक आम्ही जावे कोठे?

इथे कविता संपते. सर्वांनी मिळून म्हणायची ओळ एकच उरली, ओढ्याला ओढा म्हणण्याची. तेवढ्यावर सर्वांचे एकमत होते, काठावरच्यांचेही.

मुख्याध्यापिकाबाईंना काळजी वाटली. "सर, शेवट प्रश्नावर? पाहुण्यांना कळायचं कसं की संपलं? टाळ्या कधी वाजवायच्या?" मी म्हटले, मुले नमस्कार करतील तेव्हा कळेल. बाई जरा वेळ गप्प राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "राहू द्या. त्याचा प्रश्न बरोबर आहे." हे त्यांनी पाहुण्यांची यादी समोर असताना म्हटले, म्हणून मी त्यांना मानतो.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी जे बिघडायचे ते बिघडलेच. ध्वनिक्षेपकवाल्याने ऐनवेळी पहिल्या रांगेसमोर एक माइक आणून ठेवला. समूहपठणाला याच्याइतका मोठा शत्रू नाही. माइकला समूह कळत नाही, समोरची तीन तोंडे कळतात. डोंगरातला ओढा चौदा मुलांचा होता, तो कर्ण्यातून तीन मुलींचा ऐकू आला, आणि त्यांतल्या एकीला सर्दी होती. आमच्या धाकटीने मध्यमांचा भाग चालू असताना माइकची मान वाकवून जमिनीकडे केली. याची तालीम मी घेतली नव्हती. पुढे तिनशे माणसांच्या त्या सभागृहात मुलांचे आवाज उघडेच गेले आणि पुरले. कचेरीच्या ओळीला हशा झाला. त्या हशात जाड्यांनी श्वास घेऊन ठेवला आणि पूर आला तो हशाच्या पाठीवरच आला.

शेवटच्या ओळीला तो मुलगा अडला नाही. त्याचा मित्र मात्र घाबरून किंचित मागे राहिला होता, तेव्हा पहिले अक्षर याचेच ऐकू आले आणि मित्र त्याला येऊन मिळाला. ते दोन आवाज मला मागच्या रांगेत स्वच्छ ऐकू आले. पण मला आता काय ऐकू येत नाही, सगळे पाठ आहे. म्हणून शेजारी बसलेल्या एका अनोळखी गृहस्थांना विचारले, "शेवटी काय म्हणाली हो मुलं?"

ते जरा थांबले. टाळ्या अजून सुरू झाल्या नव्हत्या.

"'आम्ही जावे कोठे' म्हणाली," ते म्हणाले. "का हो, याचं उत्तर पुढच्या कडव्यात आहे का?"

मी म्हटले, कविता इथेच संपते.

सोसायटीच्या पुढच्या बैठकीत त्या मागच्या भिंतीचा विषय पुन्हा आला. माझे अनुमोदन मी परत घेतले. ठराव नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला.